रात्रीचा जॉब, गूगल शीट आणि एक कोटी सेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाप्याच्या आमच्या ऑफिसात तीन जणांची डेटा टीम आहे. गिऱ्हाइकांच्या डेटाबेसमधून रात्री डेटा उचलायचा आणि सकाळी त्यांच्या शीटमध्ये हजर करायचा, हे आमचं रोजचं काम. ते रात्री आपोआप करणाऱ्या प्रोग्रामला आम्ही जॉब म्हणतो. खालचे प्रश्न नव्या मुलांनी, गिऱ्हाइकांनी आणि एकदा तुर्भ्याच्या गोदामातल्या सुपरवायझर काकांनी (जरा चढ्या आवाजात) विचारलेले आहेत. उत्तरं गूगल शीटपुरती आहेत. एक्सेलबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय.

शीटमध्ये किती ओळी मावतात?

प्रश्नच जरा चुकीचा आहे, आणि बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो. गूगल शीट ओळी मोजत नाही, सेल मोजते. एका अख्ख्या फाइलमध्ये, म्हणजे सगळे टॅब मिळून, १ कोटी सेल मावतात. ओळींना वेगळी मर्यादा नाही. कॉलम जास्तीत जास्त १८,२७८, म्हणजे ZZZ पर्यंत. जुन्या लेखांत ५० लाख सेल असा आकडा दिसेल. तो २०२२ च्या आधीचा. मर्यादा पुन्हा बदलू शकते, म्हणून कोडमध्ये हा आकडा एकाच जागी ठेवा.

तेव्हा उत्तर कॉलमवर अवलंबून आहे. १० कॉलम असतील तर १० लाख ओळी, ५० असतील तर २ लाख.

मग ओळी गुणिले कॉलम केलं की झालं ना?

आम्हीही तेच केलं होतं. तुर्भ्याच्या गोदामातून निघणाऱ्या मालाची नोंद रोज रात्री दीड वाजता शीटमध्ये जायची. रोज साधारण ६,००० ओळी, प्रत्येकीत २२ कॉलम. (समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल केलेत.) ६,००० गुणिले २२ म्हणजे रोजचे १,३२,००० सेल. एक कोटीला त्याने भागलं तर ७५ दिवस. १ एप्रिलला सुरू करू, जूनच्या मध्यापर्यंत बघायला नको, असं ठरलं. जॉब २६ मेच्या रात्री पडला, ५६ व्या दिवशी.

वीस दिवस गेले कुठे? दोन गोष्टी आम्ही धरल्याच नव्हत्या.

पहिली, रिकामे सेलही मोजले जातात. नवा टॅब उघडला की तो १,००० ओळी आणि २६ कॉलमचा येतो, A ते Z. आम्ही २२ कॉलम भरत होतो, उरलेले चार रिकामेच होते. पण नवी ओळ वाढते ती टॅबच्या पूर्ण रुंदीने. म्हणजे रोज १,३२,००० नव्हे, ६,००० गुणिले २६, म्हणजे १,५६,००० सेल जात होते.

दुसरी, त्याच फाइलमधले बाकीचे टॅब. दोन टॅब कोणीतरी उघडून तसेच सोडले होते, त्यांचे ५२,०००. आणि दरांच्या टॅबमध्ये कोणीतरी तळाशी जाऊन ओळी वाढवताना १,००० च्या जागी ५०,००० टाकले होते. दर होते जेमतेम चाळीस ओळींचे, टॅब झाला ५१,००० ओळींचा. गुणिले २६, म्हणजे १३,२६,००० रिकामे सेल. एकूण १३,७८,००० सेल पहिल्या रात्रीआधीच गेलेले. उरले ८६,२२,०००. त्याला १,५६,००० ने भागा: ५५ रात्री आणि वर थोडं.

ते "थोडं" महत्त्वाचं आहे का?

फार. खरं दुखणं तिथेच होतं. ५५ रात्रींनंतर ४२,००० च्या आसपास सेल उरले होते, म्हणजे सुमारे १,६०० ओळींची जागा. आमचा जॉब तेव्हा ५००-५०० ओळींच्या तुकड्यांत लिहायचा. तीन तुकडे बसले, चौथ्याला एरर आली. कोडने एरर पकडली, लॉगमध्ये लिहिली आणि पुढे निघून गेला. शेड्युलरवर जॉब हिरवा, म्हणजे सुरळीत पार पडलेला.

सकाळी शीटमध्ये ६,००० पैकी १,५०० ओळी. त्या मार्गाच्या नावाने लावलेल्या, त्यामुळे ऐरोली आणि कल्याण पूर्ण, ठाणे अर्धं, आणि पनवेल, भिवंडी, वाशी यांचं नाव नाही. शीट रिकामी असती तर काकांनी सहा वाजताच फोन केला असता. अर्धी भरलेली शीट बघून त्यांना वाटलं, आज माल कमी आहे. दोन गाड्या रिकाम्या उभ्या राहिल्या आणि फोन आला साडेनऊला.

तेव्हापासून आमचा नियम: तुकड्यांत लिहिणारा जॉब मध्येच अडला, तर तो लाल झालाच पाहिजे.

मर्यादा संपली आणि कोटा संपला, यात फरक काय?

एक गोदामाच्या आकाराचा प्रश्न आहे, दुसरा दाराच्या रुंदीचा. गोदाम भरलं असेल तर दारात कितीही वेळ उभं राहा, उपयोग नाही. दारात गर्दी असेल तर मिनिटभर थांबलं की आत जाता येतं.

सेलची मर्यादा ओलांडली की 400 कोडची एरर येते आणि संदेश असा असतो:

```
This action would increase the number of cells in the
workbook above the limit of 10000000 cells.
```

लिहिण्याचा कोटा संपला की 429 येते. हा कोटा मिनिटाचा असतो: एका प्रोजेक्टला मिनिटाला ३०० लेखन रिक्वेस्ट, आणि त्यातल्या एका युजरला ६०. वाचनाचा कोटा वेगळा, तोही तेवढाच. दिवसाची वेगळी मर्यादा नाही, मिनिट सरलं की कोटा पुन्हा भरतो.

म्हणून 429 ला थांबून पुन्हा प्रयत्न करायचा: १ सेकंद, मग २, ४, ८ असं दुप्पट करत ६४ पर्यंत, आणि प्रत्येक वेळी वर थोडे मिलिसेकंद यादृच्छिक, म्हणजे दोन जॉब एकाच क्षणी पुन्हा धडकत नाहीत. 400 ला पुन्हा प्रयत्न करण्यात काही अर्थ नाही. आमचा जुना कोड दोन्हींना एकच वागणूक द्यायचा. २६ मेच्या रात्री तो सात वेळा थांबला, एकूण १२७ सेकंद, आणि प्रत्येक वेळी त्याच भिंतीवर जाऊन आदळला.

जागा आहे की नाही हे आधी कसं तपासायचं?

प्रत्येक टॅबची उंची-रुंदी विचारायची. डेटा वाचायची गरज नाही, फक्त माप मागायचं. एकच वाचन रिक्वेस्ट लागते, लेखनाचा कोटा खर्च होत नाही.

```python
meta = service.spreadsheets().get(
    spreadsheetId=SHEET_ID,
    fields="sheets.properties(title,gridProperties)"
).execute()

used = 0
for s in meta["sheets"]:
    g = s["properties"].get("gridProperties")
    if g:
        used += g["rowCount"] * g["columnCount"]
```

`if g` उगाच नाही. फक्त चार्ट असलेल्या टॅबला `gridProperties` नसतं, आणि एखाद्या साहेबांनी चार्ट वेगळ्या टॅबवर हलवला की त्या दिवशी तपासणीच कोसळते. आमची कोसळली होती.

आता `used` मध्ये आजच्या ओळी गुणिले टॅबची रुंदी मिळवा. तुमच्या डेटाची रुंदी नाही. बेरीज १ कोटीच्या वर गेली तर एकही ओळ न लिहिता थांबा. आणि किती रात्री उरल्या हे रोज लॉगमध्ये टाका. आमच्याकडे १५ रात्रींपेक्षा कमी उरल्या की मेल जातो. पंधराच का? कारण गिऱ्हाइकाकडून "जुनं काढलं तरी चालेल" हे उत्तर यायला साधारण तेवढे दिवस लागतात.

जुना डेटा क्लिअर केला तरी जागा का मोकळी होत नाही?

क्लिअर केल्याने सेल रिकामा होतो, नाहीसा होत नाही, आणि रिकामा सेल मोजला जातो हे वर आलंच. जागा हवी असेल तर ओळ किंवा कॉलम डिलीटच करावा लागतो. एपीआयमधून करायचं तर `deleteDimension`.

आम्ही प्रथम W ते Z हे चार रिकामे कॉलम उडवले. नुसत्या त्या एका कृतीने ३,३०,००० ओळींवर १३ लाखांपेक्षा जास्त सेल मोकळे झाले. मग दरांचा टॅब शंभर ओळींवर आणला. आणि गोदामाला मागच्या तीस दिवसांपलीकडचं काही लागत नाही हे काकांनीच सांगितल्यावर तीसच दिवस ठेवले: ३० गुणिले ६,००० गुणिले २२, म्हणजे ३९,६०,००० सेल. बाकीचं डेटाबेसमध्ये आहेच.

एक छोटी अडचण सांगून ठेवतो. गोठवलेल्या ओळी सोडून बाकी सगळ्या ओळी डिलीट करायला शीट नकार देते, निदान एक तरी ठेवावी लागते.

एकेक ओळ लिहिणारा कोड चालतो की! का बदलायचा?

दोनशे ओळींपर्यंत चालतो. ६,००० ओळी म्हणजे ६,००० रिक्वेस्ट, आणि मिनिटाला ६० मिळतात, म्हणजे काही बिघडलं नाही तरी शंभर मिनिटं. त्याच ओळी २,००० च्या तुकड्यांत लिहिल्या तर तीन रिक्वेस्ट. कोटा रिक्वेस्ट मोजतो, त्यात किती ओळी आहेत ते मोजत नाही.

मग सगळं एकाच रिक्वेस्टमध्ये का नाही?

कारण एका रिक्वेस्टचा आकार साधारण २ एमबीच्या आत ठेवावा असं गूगल सुचवतं, आणि १८० सेकंदांत काम झालं नाही तर रिक्वेस्ट तुटते.

इथे आपल्या भाषेचा एक हिशेब आहे जो इंग्रजी लेखांत सापडत नाही. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की अनुस्वार, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. त्यात पायथनचं `json.dumps` आपणहून काही सांगितलं नाही तर ते `\u0920` अशा रूपात लिहितं, म्हणजे ६ बाइट. ८० चिन्हांचा पत्ता इंग्रजीत ८० बाइटचा, मराठीत ४८० पर्यंत. इंग्रजी डेटाची आमची ओळ साधारण ३३० बाइटची होती, २,००० ओळी म्हणजे ६६० केबी, आरामात. पत्ता आणि शेरा मराठीत आल्यावर तीच ओळ १,१०० च्या वर गेली आणि २,००० ओळींचा तुकडा २ एमबी ओलांडू लागला. आता तुकडा ओळी मोजून नाही, तयार मजकुराचे बाइट मोजून पाडतो, दीड एमबीला एक.

आमचा जॉब मिनिटाला दहाच रिक्वेस्ट करतो. तरी 429 का?

तुमचा एकटा नाही म्हणून. सर्व्हिस अकाउंट, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामसाठी काढलेलं खातं, हा कोट्याच्या दृष्टीने एक युजर. त्याच अकाउंटवर सात जॉब असतील तर ६० मध्ये सातही आले. प्रत्येक जॉबला वेगळं सर्व्हिस अकाउंट दिलं तरी प्रोजेक्ट एकच असेल तर ३०० ची वरची मर्यादा राहतेच.

आणि सगळे एकाच वेळी का धावतात? आमच्या सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं. प्रत्येकाने क्रॉनमध्ये सरळ `0 20 * * *` लिहिलं, ते आपल्याकडे रात्रीचं दीड. सात जॉब, एकच मिनिट. ठाण्याहून सकाळची ट्रान्स-हार्बर लोकल सगळ्यांनाच पकडायची असते, तसं. जॉब तीन-तीन मिनिटांच्या अंतराने लावले आणि 429 बंद झाली, कोडची एक ओळही न बदलता. कोण किती खातंय ते गूगल क्लाउड कन्सोलमध्ये Google Sheets API च्या Quotas पानावर दिसतं. तिथून वाढीव कोटाही मागता येतो, पण आधी वेळा बदलून बघा.

एका रात्री ओळी दुप्पट झाल्या. कोटाही संपला नव्हता, मर्यादाही नाही, मग हे कसं?

टाइमआउट. रिक्वेस्ट गेली, शीटने ओळी लिहिल्या, पण उत्तर यायच्या आत जोडणी तुटली. कोडला वाटलं लिहिलं गेलं नाही, म्हणून पुन्हा पाठवलं. `values.append` चा स्वभाव असा की सांगाल तितक्या वेळा तो शेवटी चिकटवतो.

उपाय: शेवट शोधायचं काम शीटवर सोडू नका. आधी `appendDimension` ने लागतील तेवढ्या ओळी वाढवा, मग `values.update` ने नेमक्या पट्ट्यात लिहा, उदाहरणार्थ `A174002:V176001`. तीच रिक्वेस्ट दोनदा गेली तरी त्याच जागी तेच लिहिलं जातं. ओळी न वाढवता लिहायला गेलात तर `exceeds grid limits` असं उत्तर येईल. ते वेगळं 400 आहे: फाइल भरलेली नाही, टॅब छोटा आहे. संदेश वाचल्याशिवाय 400 चा अर्थ लावू नका.

तीस दिवसांच्या शीटमध्ये जुन्या ओळी काढणं आणि नव्यांसाठी जागा करणं आम्ही एकाच `batchUpdate` मध्ये ठेवतो. त्यातली एक कृती फसली तर सगळीच रद्द होते, म्हणजे अर्धवट काही राहत नाही, आणि कोट्यात ती एकच रिक्वेस्ट धरली जाते. पण ही रिक्वेस्ट टाइमआउट झाली तर आंधळेपणाने पुन्हा पाठवू नका, नाहीतर दोन दिवस उडतील. आधी A2 मधली तारीख वाचा. ती पुढे सरकली असेल तर काम झालेलं आहे.

शेऱ्यामुळे अख्खा तुकडा अडकला, असं झालं. का?

एका सेलमध्ये ५०,००० चिन्हं मावतात. कोणीतरी शेऱ्याच्या कॉलममध्ये दुसऱ्या सिस्टिमचा अख्खा प्रतिसाद ओतला होता. एक सेल मोठा, म्हणून २,००० ओळी परत. डेटाबेसमधून काढतानाच लांबी कापा.

सगळं पोचलं हे गोदामाला कसं कळणार?

सगळे तुकडे लिहून झाल्यावर जॉब शेवटची एक रिक्वेस्ट करतो आणि "माहिती" नावाच्या टॅबमध्ये तीन गोष्टी टाकतो: तारीख, डेटाबेसमधल्या ओळी, लिहिलेल्या ओळी. दुसरा आकडा क्वेरीतून येतो, तिसरा प्रत्येक उत्तरातल्या `updatedRows` ची बेरीज. काका सकाळी चहाआधी तोच टॅब बघतात. तारीख आजची नसेल किंवा दोन आकडे जुळत नसतील तर गाड्या लावायच्या आधी फोन.

एक्सेल फाइलच दिली तर सुटका?

मर्यादा बदलते, सुटत नाही. एक्सेलमध्ये ती प्रत्येक टॅबला आहे: १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ कॉलम. जुन्या `.xls` मध्ये फक्त ६५,५३६ ओळी. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०२० मध्ये कोविडचे निकाल याच जुन्या प्रकारच्या फाइलमधून पुढे पाठवले, तळाच्या ओळी गळाल्या, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबरमधले १५,८४१ बाधित वेळेवर मोजलेच गेले नाहीत. तिथेही कोणाला लाल रंग दिसला नव्हता.

रोज ६,००० च्या ६०,००० ओळी झाल्या तर?

२२ कॉलमने रोज १३,२०,००० सेल. सात रात्रीत ९२,४०,०००, आठवी बसणार नाही. अशा वेळी शीटमध्ये मूळ ओळी टाकूच नका. मार्ग, गाडी आणि तारीख यांवर बेरीज करून पाठवा. काकांना विचारलं तेव्हा कळलं की ६,००० ओळी ते कधी वाचतच नव्हते, गाडीनिहाय पेट्यांची संख्या बघण्यासाठी वर फिल्टर लावत होते. रोजच्या १८० ओळी पुरल्या असत्या.